एक टक्का खर्चावरून एवढा गदारोळ कशाला?

चौकस: दोन म्युच्युअल फंड बघतोय. एकाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड वर्षाला घेतो तो खर्च, ०.५%, दुसऱ्याचा १.५%. फंड १०% परतावा देणार असेल तर या एका टक्क्याने असा काय फरक पडतो? खात्यातून काही कापलेलंही दिसत नाही.

हिशेबी: दिसणारच नाही. तुमची युनिटं तेवढीच राहतात. खर्च फंडाच्या मालमत्तेतून रोज थोडाथोडा वजा होतो आणि उरलेल्यावर एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, निघते. १० लाखांवर १.५% म्हणजे दिवसाला साधारण ४१ रुपये. आता २० वर्षं धरा, खर्चाआधीचा परतावा १०%. स्वस्त फंडात साडेनऊ टक्क्यांनी अंदाजे ६१.४ लाख होतात, महागात साडेआठने ५१.१ लाख. फरक १० लाखांच्या वर, म्हणजे जेवढी मुद्दल घातली तेवढीच! कापलेला पैसा तर जातोच, त्यावर पुढे मिळालं असतं तेही जातं.

बाजारप्रेमी: गणित ठीक, पण दोन्ही फंड खर्चाआधी सारखंच कमावतात हे कुणी ठरवलं? चांगला मॅनेजर २% जास्त कमावून देत असेल तर १% त्याची मजुरी. शेवटी नफ्यातूनच घेतो ना.

हिशेबी: नफ्यातून नाही, पूर्ण रकमेवर. बाजाराने ४% च दिले तर तो एक टक्का तुमच्या कमाईचा चौथा हिस्सा झाला. बाजार पडला तरी कापणी चालूच.

नवखी: माझ्या फंडाचा तीन वर्षांचा परतावा १२% दाखवतात, खर्च १.५%. म्हणजे हातात साडेदहाच?

हिशेबी: नाही, ही चूक फार जण करतात. परतावा एनएव्हीवरून काढतात, त्यामुळे १२% हा खर्च जाऊनचाच आकडा आहे. पुन्हा वजा करू नका. फंड विकताना एक्झिट लोड लागत असेल तर तो मात्र वेगळा.

बाजारप्रेमी: मग माझाच मुद्दा सिद्ध झाला! खर्च जाऊनही जो पुढे आहे तो घ्या, रेशो बघायचाच कशाला?

हिशेबी: मागचा आकडा बघून पुढचा फंड निवडताय म्हणून. आघाडी टिकेल की नाही सांगता येत नाही, कापणी ठरलेली असते. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये हे मांडलं: बाजाराला हरवू पाहणाऱ्या सगळ्यांची मिळून खर्चाआधीची सरासरी बाजाराएवढीच येते, खर्चानंतर ती खाली जाते.

बाजारप्रेमी: सरासरी! मी सरासरी फंड घेत नाही.

तिसरा डोळा: नुसत्या रेशोवरही भाळू नका. फंड शेअर्सची उलाढाल करतो तेव्हाचा सगळा खर्च त्यात धरलेला नसतो. एकाच निर्देशांकाची नक्कल करणारे दोन इंडेक्स फंड असतील तर प्रत्येक जण लाभांशासह निर्देशांकापेक्षा वर्षाला किती मागे पडतो ते बघा. कमी रेशोवाला जास्त मागे असू शकतो.

चौकस: माझे दोन्ही इंडेक्स फंडच आहेत, निर्देशांकही एकच. आधी सांगायला हवं होतं.

बाजारप्रेमी: अहो, मग १.५% कशासाठी देताय? तिथे मॅनेजर काय निवडतो?