मदत हवी आहे: ब्रॉयलरचा किलोमागे खर्च शंभराच्या वर जातोय, चूक कुठे?

माळरानवाला
नमस्कार मंडळी. श्रीगोंद्याजवळ स्वतःचं शेड आहे, करारावर नाही. पिल्लं, खाद्य सगळं पदरच्या पैशानं. एप्रिलमधली बॅच नुकतीच उचलली आणि हिशोब मांडून झोप उडाली.

पिल्लं ५००० टाकली, ३८ रुपयाने, म्हणजे १,९०,०००. खाद्य ३४४ गोण्या (५० किलोची, सरासरी २००० रुपये) म्हणजे ६,८८,०००. उरलेल्या गोण्या यात धरलेल्या नाहीत. औषध-लस २२,०००, तूस १५,०००, कोळसा आणि लाईट १८,०००, गड्याची मजुरी ३०,०००. एकूण ९,६३,०००.
चाळिसाव्या दिवशी ४५५० पक्षी गेले, सरासरी २.१ किलो, वजन भरलं ९५५५ किलो. म्हणजे किलोला १०० रुपये ७९ पैसे. भाव मिळाला ९६. पंचेचाळीस हजारांचा खड्डा.

एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागलेलं खाद्य, १.८० येतो. शेजारच्या वस्तीवरचा म्हणतो, त्याचा किलोला ९२ पडला. खाद्य दोघांचं एकाच दुकानातलं, पिल्लं एकाच हॅचरीची. मग फरक कशाचा?

खुराडेशाही
साधं आहे भाऊ. मेले ४५० पक्षी, ३८ रुपयाने १७,१०० झाले, किलोला पावणेदोन रुपयांच्या आसपास. मरतुकीचं नुकसान तेवढंच. बाकीचा सगळा दोष खाद्याचा. तुझ्या किलोतले ७२ रुपये खाद्याचेच आहेत बघ. दुकान बदल, एफसीआर खाली येतो की नाही सांग.

करारवाला_सिन्नर
एवढी डोकेफोड कशाला करता? आमच्याकडे पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, आम्हाला किलोवर ग्रोइंग चार्ज. मरतूक पाच टक्क्यांवर गेली की कापतात तेवढं. करार करा, सुटा.

माळरानवाला
दादा, करार चांगला की वाईट हे नाही विचारलं. खर्च कुठे गळतोय ते विचारतोय.

आप्पा_पोल्ट्री
खुराडेशाही, ७२ रुपये बरोबर, पण मेलेल्या पक्ष्याची किंमत पिल्लाएवढीच धरलीत तिथे गडबड झाली. तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू ३८ रुपयांतच जातं, त्यानं खाल्लंय किती? पसाभर. पस्तिसाव्या दिवशी मेलेला पक्षी मात्र अडीच किलोच्या आसपास खाद्य पोटात घेऊन जातो. ते खाद्य तुमच्या गोण्यांत मोजलं जातं, त्याचं वजन काट्यावर येत नाही. एफसीआर तिथे बिघडतो.

माळरानवाला, रजिस्टर उघडा. कुठल्या आठवड्यात किती मेले ते टाका. नुसते ९ टक्के सांगून काही कळत नाही.

माळरानवाला
पहिल्या आठवड्यात ११०. आठव्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ९०. त्यानंतर २५०. बहुतेक तिसाव्या ते छत्तिसाव्या दिवसात.

आप्पा_पोल्ट्री
मग बघा. हे २५० सरासरी १.६ किलोचे झाले होते असं धरू आणि प्रत्येकानं २.४ किलो खाल्लं असं धरू. ६०० किलो खाद्य, २४,००० रुपये. वर पिल्लांचे ९,५००. म्हणजे साडेतेहेतीस हजार उकिरड्यावर गेले. पहिल्या आठवड्यातले ११० मात्र ४,१८० रुपयांतच गेले.

आता उलटं करून पाहा. हे २५० जगले असते तर विक्रीपर्यंत आणखी १.२ किलो प्रत्येकी खाल्लं असतं, म्हणजे ३०० किलो, १२,००० रुपये जास्त. पण वजन ५२५ किलोनं वाढलं असतं. खर्च ९,७५,०००, वजन १०,०८०. किलोला ९६ रुपये ७३ पैसे, एफसीआर १.७४ च्या आत. चार रुपये तिथेच सुटले.

आणि शेजाऱ्याला हळूच विचारा, घरच्या माणसांची मजुरी धरतो का. तुमच्याकडे ती किलोला तीन रुपये चौदा पैसे पडते.

माळरानवाला
नाही धरत! आई-बाप आणि तो, तिघंच राबतात. म्हणजे चार आणि तीन सात झाले. उरलेले पावणेदोन?

आप्पा_पोल्ट्री
मेलेल्यांचं वजन मिळवून धरलं तरी तुमचा एफसीआर १.७१ येतोय. आमच्याकडे दोन किलोच्या पक्ष्याला १.६० च्या आसपास बसतो, हिवाळ्यात त्याहून खाली. म्हणजे खुराडेशाही पूर्ण चुकले नाहीत, खाद्यातही थोडं गळतंय. पण दुकान बदलायच्या आधी फीडर बघा. काठ पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत हवा, आणि काठोकाठ भरू नका. खालच्या तुसात खाद्य सापडतंय का, हात घालून पाहा.

मुख्य प्रश्न वेगळा आहे. २५० मेले कशानं? दुपारी चार-पाचला मरत होते की सकाळी शेडमध्ये पडलेले दिसायचे?

माळरानवाला
आधी दोन दिवस दुपारचे, मोठे मोठे पक्षी, चोच उघडून धापा टाकत. ऊन ४१ होतं. म्हणून फॉगर लावले. त्यानंतर मात्र सकाळीही सापडायला लागले. दोन कापून पाहिले, काळजावर पांढरा पापुद्रा होता. डॉक्टर म्हणाले ई-कोलाय.

मळ्यातली_कोंबडी
मी लेअरवाली, पण विचारते. अंड्याचा हिशोबही असाच निघतो का? माझी कोंबडी दिवसाला ११२ ग्रॅम खाते, लेइंग ८५ टक्के. म्हणजे एका अंड्यामागे १३२ ग्रॅम, खाद्य ३० रुपये किलो असेल तर चारला पाच पैसे कमी. त्यात पुलेटचा खर्च मेलेल्या धरून वाटायचा की जिवंतांवर?

आप्पा_पोल्ट्री
ताई, वाटायचा तो एकूण निघालेल्या अंड्यांवर. मेलेल्यांचे पैसे गेलेत ते गेलेतच, ते उरलेल्यांच्या अंड्यांनीच भरून काढायचे. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गोंधळ होईल.

माळरानवाला, फॉगर किती वेळ चालवत होता? पडदे कुठे होते?

माळरानवाला
दुपारी बारा ते रात्री आठ. गरम वारा आत येऊ नये म्हणून पडदे खाली सोडलेले. नोझलखाली तुसाची गादी चिकट झाली होती, खरं सांगतो.

आप्पा_पोल्ट्री
माझा संशय तिथेच. उन्हाचा झटका पहिल्या दोन दिवसांचा. नंतर ओली गादी, बंद पडदे, अमोनिया, आणि त्या वासानं श्वासनलिका खराब झाली की ई-कोलायला रान मोकळं. उभं राहून वास येत नाही, पक्ष्याच्या उंचीवर बसून घ्या, डोळे चुरचुरले तर समजा. तूस मुठीत दाबा, गोळा धरला तर ओलं. फॉगर दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद, आणि वारा आरपार जायलाच हवा. दुपारी अकरा ते चार खाद्य वर उचला, पाणी गार ठेवा.

खुराडेशाही
आप्पा, पाण्याच्या टाकीचं काय? माझ्याकडे ई-कोलाय टाकीतून आला होता, गादी कोरडी असताना.

आप्पा_पोल्ट्री
शक्य आहे. दोन पक्ष्यांवरून मीही छातीठोक सांगणार नाही. पाणी तपासून घ्या.

माळरानवाला
नवी बॅच आज बारा दिवसांची आहे. मेलेला पक्षी कधी सापडला ते आजपासून वेळेसकट लिहितोय. टाकीचं पाणी उद्या तपासायला देतो. आप्पा, पाण्यात क्लोरीन टाकलं तर लसीच्या दिवशी बंद ठेवायचं ना? चौदाव्या दिवशीची गंबोरो पाण्यातूनच द्यायची आहे.

आप्पा_पोल्ट्री
हो. आदल्या दिवसापासून बंद, आणि लसीच्या पाण्यात दूध पावडर.