‘ओल्ड बॉईज’ म्हणजे नेमके कोण?

शब्दवेल्हाळ: अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या ‘न्यूवेल्स ओल्ड बॉईज’ या फुटबॉल क्लबावर मराठीत लिहिते आहे. ‘न्यूवेलची जुनी पोरं’ म्हटलं तर वाचणारा हसेल. दुसरा शब्द सुचवा.

दर्यावर्दी: ज्येष्ठांचा संघ असणार. रोसारिओ नदीवरचं बंदर आहे. इंग्रज खलाशांनीच फुटबॉल तिकडे नेला, त्यातले म्हातारे होऊन तिथंच राहिलेले हे लोक.

गोलपोस्ट: म्हातारे नाहीत हो! ‘ओल्ड बॉय’ म्हणजे शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी, मग तो अठराचा का असेना. आयझॅक न्यूवेल या इंग्रज शिक्षकाने 1884 साली रोसारिओत शाळा काढली. 1903 मध्ये त्या शाळेच्या लोकांनी हा क्लब उभा केला आणि नाव न्यूवेल यांचं दिलं.

खलाशांचं म्हणणं अर्धंच खरं. ते बंदरात खेळायचे, पण जहाज सुटलं की संघही सुटायचा. क्लब टिकायला तेच गडी दर आठवड्याला जमावे लागतात, शिवाय हक्काचं मैदान आणि वर्गणी हवी. हे शाळांना आणि रेल्वे कंपन्यांना जमलं. न्यूवेल्सचा कट्टर वैरी ‘रोसारिओ सेंट्रल’ हा रेल्वेचाच. 1889 मध्ये तो ‘सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वे अॅथलेटिक क्लब’ होता. 1903 मध्ये बाहेरच्यांना सभासद करून घ्यायचं ठरलं, तेव्हा नावातून रेल्वे गेली.

कोल्हापूरकर: आमच्याकडं उलटं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम हे फुटबॉलचे संघ, पण नावात अजून आखाडा! भाषांतर करणाऱ्यानं ‘कुस्ती संघ’ लिहिलं तर?

गोलपोस्ट: अगदी तसंच उरुग्वेच्या पेन्यारोलचं. 1891 साली रेल्वेवाल्यांनी काढला तेव्हा नाव होतं ‘सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब’. फुटबॉलमध्ये नाव झाल्यावरही कित्येक वर्षं कागदावर क्रिकेटच होतं.

शब्दवेल्हाळ: मग ‘माजी विद्यार्थी संघ’ लिहू?

गोलपोस्ट: अर्थ बरोबर, पण स्नेहसंमेलनाचा वास येतो. ब्वेनोस आयरेसमध्ये यावर एक गंमत झाली होती. अलेक्झांडर वॉटसन हटन यांच्या इंग्लिश हायस्कूलचा संघ शाळेच्याच नावाने खेळायचा. अशाने शाळेची जाहिरात होते म्हणून ते नाव बंद करायला लागलं, आणि 1901 मध्ये संघ ‘अलुम्नी’ झाला. म्हणजे पुन्हा माजी विद्यार्थीच, फक्त लॅटिनमधून.

दर्यावर्दी: बरं, हरलो. पण मग स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे ‘यंग बॉईज’? तेही शाळेतून बाहेर पडायचे राहिलेले?

गोलपोस्ट: तिकडच्याच बाझेल शहरात आधीच एक ‘ओल्ड बॉईज’ क्लब होता. 1898 मध्ये बर्नच्या विद्यार्थ्यांनी त्याला पाहून हे नाव घेतलं. तिथं मात्र ‘जुने’ आणि ‘तरुण’ हा शब्दखेळ आहे, त्यामुळे तुमचा ‘म्हातारे’ अगदीच वाया गेला नाही.

शब्दवेल्हाळ: नाव आहे तसंच ठेवते, पहिल्या उल्लेखाला ‘न्यूवेल यांच्या शाळेचे माजी विद्यार्थी’ एवढं जोडते.

कोल्हापूरकर: चालतंय की. पण ‘माजी’ म्हटलं की मला नगरसेवकच आठवतो.