400 घरांची यादी, 160 उत्तरं, आणि 78 टक्के

गजानन: आमच्या मंडळाने गावातल्या सगळ्या 400 कुटुंबांची यादी धरून सर्वे केला. 160 कुटुंबांनी उत्तरं दिली. त्यातल्या 125 जणांवर सावकाराचं कर्ज नाही. म्हणजे 78 टक्के गाव सावकारीतून सुटलं. आता तरी विदर्भाचं रडगाणं थांबवा.

सुनंदा: गजाननभाऊ, मी बारा वर्षं असे सर्वे केले, म्हणून राहवत नाही. 240 घरं बोललीच नाहीत, त्यांचं काय? त्या सगळ्यांवर कर्ज असेल तर मुक्त घरं 400 पैकी 125, म्हणजे 31 टक्के. एकावरही नसेल तर 91. तुमच्या कागदावरून एवढंच ठाम सांगता येतं.

आणि ही 240 घरं कोणती? तुमची पोरं नोव्हेंबरात सकाळी अकराला फिरली. तेव्हा कपाशीची वेचणी जोरात. ज्याची चूल मजुरीवर पेटते, त्याच्या दाराला कुलूप. घरी सापडतात पेन्शनवाले मास्तर, दुकानदार, गडी लावून शेती करणारे. ज्या कारणानं माणूस सापडत नाही, तेच कारण त्याला सावकाराच्या दारी नेतं.

गजानन: ताई, आम्ही बिनडोक नाही. अल्पभूधारक कमी आले होते, म्हणून त्यांच्या उत्तरांना जास्त वजन दिलं, तरी आकडा तेवढाच आला. आणि 160 घरं काय कमी आहेत?

सुनंदा: घरी सापडलेला दोन एकरवाला बहुतेक पोराच्या नोकरीमुळे घरी होता. त्याचं वजन दुप्पट केलं, तरी वेचणीला गेलेला दोन एकरवाला त्यात येतो का? आणि संख्येचं म्हणाल तर 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांनी लँडन निवडून येणार म्हटलं, आले रूझवेल्ट. यादी खात्यापित्या घरांकडे झुकलेली होती, आणि पत्रिका परत पाठवणारेही वेगळे होते.

भास्कर: सर्वेचं मले नोका सांगू. अतिवृष्टीत माह्या तीन एकर सोयाबीन गेलं, सर्वेवाला बांधावर आलाच नाही. पंचनाम्यात नाव नाही, मदत नाही. हा काय न्याय हाय?

प्रकाश: भास्करभाऊ, तो पंचनामा, हा वेगळा विषय. पण मी स्वतः प्रश्नावली भरत फिरलो आहे. आम्हाला सांगायचे, दार बंद दिसलं की शेजारचं घर घ्या. कागदावर प्रतिसाद 100 टक्के! माझ्या मते निम्म्याहून कमी प्रतिसादाचा सर्वे फाडून टाकावा.

रेखा: फाडा, पण फिरणाऱ्या बाईचं कोण पाहते? मी आशा आहे. एका घरी चारदा जा म्हणतात. चौथ्या खेपेचे पैसे कोण देते? परवा ओट्यावर एका बाईला कर्ज विचारलं. शेजारी सावकाराचा माणूस बसलेला. ती म्हणाली "नाही". मी नाहीच लिहिलं, अजून काय लिहू?

भास्कर: ताई बरोबर बोलली. मानधन वाढवा पहिले!

प्रकाश: आम्हाला तर फॉर्ममागं पैसे होते. रिकाम्या घराला शून्य. मग कोण थांबेल?

रेखा: आणि नेटवर्क नसलं की रात्री घरी बसून भरायचं. नवरा विचारते, हे कधी संपणार. तुम्ही टक्क्यांवर भांडा.

सुनंदा: रेखाताई, तो "नाही" 125 मध्येच मोजला जातो, आणि त्याला माझ्याकडेही औषध नाही. फक्त एकटीत विचारायला हवं. प्रकाश, फाडू नका. प्रतिसाद कमी म्हणजे आकडा चुकलाच असं नसतं. न बोललेले बोललेल्यांसारखेच असतील तर 40 टक्क्यांतही आकडा बरोबर येतो. किती जण राहून गेले आणि ते किती वेगळे, दोन्ही पाहावं लागतं. शेजारचं घर घेणं मात्र घातकच, कारण मग राहून गेलेले दिसतच नाहीत.

आमच्याकडे एकदा असंच 160/400 झालं होतं, आकडाही 78 च. आम्ही राहिलेल्या 240 मधून चिठ्ठ्या टाकून 40 घरं काढली. संध्याकाळी सातनंतर, चार चार खेपा. 36 भेटली, त्यातल्या 15 वर कर्ज नव्हतं, म्हणजे 42 टक्के. 240 ला तेच लावलं तर साधारण 100 घरं. 125 आणि 100 मिळून 225. अठ्ठ्याहत्तरचे झाले 56 टक्के.

गजानन: 36 घरांवर तुम्ही माझा आकडा पाडता? आणि ती न भेटलेली चार?

सुनंदा: ती चार विटभट्टीवर गेली होती. त्यांचं मला आजही माहीत नाही. 56 मध्येही आठदहा टक्के इकडेतिकडे होतील, पण ते 78 होत नाहीत.

गजानन: मान्य नाही. पण "उत्तर दिलेल्या 160 पैकी 78 टक्के" असं दुरुस्त करतो. चिठ्ठ्याही टाकतो. वेचणी संपल्यावर.

रेखा: भाऊ, वेचणी संपली की विटभट्टी सुरू. आताच जा, रात्री. आणि पोरींना दोघी-दोघी पाठवा.