मदत हवी आहे: पीडीएफमधल्या आकृतीवर बाण, चौकोन काढायचेत

नमस्कार मंडळी, दहावीला हृदयाची आकृती शिकवायचीये, पीडीएफ Xournal++ मध्ये उघडली, उजव्या जवनिकेपासून फुप्फुसाकडे निळा बाण, डाव्या जवनिकेच्या जाड भिंतीभोवती लाल चौकोन आणि झडपांवर पेनने हाताने गोल, एवढं जमलं. नुसतं सेव्ह केलं तर .xopp फाइल झाली, ती मुलांच्या मोबाइलवर उघडेचना, मग Export as PDF केल्यावर उघडली. पण एक्सपोर्ट केलेल्या पीडीएफमधला बाण नंतर हलवता येत नाही, म्हणून .xopp पण जपून ठेवलीये. आता नावं वेगळ्या लेयरवर लिहिलीत, तर सरावासाठी नावांशिवाय आणि नंतर नावांसकट अशा दोन पीडीएफ कशा काढायच्या? कुणी केलंय का, प्लीज सांगा, सोमवारी तास आहे.