मदत हवी आहे: बेंगळुरूसारखं पॅकिंगचं थंड मटण कोल्हापुरात का उठत नाही?

ताराबाईपार्ककर
मंडळी, बेंगळुरूत कापलेलं, धुतलेलं, मसाला लावलेलं मटण-चिकन थंड डब्यात घरपोच मिळतं. तोच धंदा इथं करायचा बेत आहे. भांडवल साडेचार लाख. त्यातून एक डीप फ्रीझर, एक काचेचा कूलर आणि गाडीवरच्या दोन बर्फपेट्या घेतल्या आहेत. दोन आठवडे साठ घरांत अर्ध्या किलोची पाकिटं देऊन बघितली. चिकनची 41 गेली, मटणाची फक्त 6. जो तो विचारतो, "ताजं हाय का?" आजच कापलंय असं सांगितलं तरी पुढचा गप्प. दर उतरवू की जाहिरात वाढवू?

रंकाळा_चौपाटी
जाहिरात वाढव भावा. रील टाक, पहिल्या पाकिटावर सूट दे. लोकांना सवय लागायला वेळ लागतो, एवढंच.

खडा_मसाला
सूट देऊन उपयोग नाही. मटणाचा आजचा दर पेठेतल्या पोरालासुद्धा पाठ असतो. 2019 च्या शेवटी याच दरावरून इथं आंदोलन झालं होतं, आठवत असेल. पाकिटाचा दर दुकानापेक्षा वर गेला की महाग, आणि खाली आला की "कसलं मटण असंल" असा संशय. दोन्हीकडून तुम्हीच अडकता.

खरी अडचण वेगळी आहे. बेंगळुरूचं गिऱ्हाईक बोनलेस किंवा करी कट मागतं, कारण त्याला एकच भाजी करायची असते. कोल्हापुरात एका किलोतून सुकं, तांबडा आणि पांढरा असे तीन पदार्थ निघतात. दोन्ही रश्श्यांचा जीव अळणीत असतो आणि अळणीला नळी, सीना, थोडी चरबी लागते. म्हणून माणूस टांगलेल्या बोकडासमोर उभा राहून "मांडीचं घाला, दोन नळ्या टाका, चाप नको" असं सांगत वजन करून घेतो. पाकीट त्याला हेच करू देत नाही. "ताजं हाय का" याचा अर्थ "मला बघून घेता येईल का" असा घ्या. चिकनला ही निवड नसते, म्हणून ते 41 गेलं.

दुसरं, वार. इथं मटण मुख्यतः बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत बंद, श्रावणात तर महिनाभर शुकशुकाट. फ्रीझरचं बिल मात्र सातही दिवस येतं.

गृहिणी_राजारामपुरी
हे अगदी खरं. मटण आणायला आमचे हे जातात, आणि ते काम ते दुसऱ्याला देणार नाहीत! कंटाळा येतो तो पुढच्या कामाचा. नऊला मटण घरात येतं आणि मग कांदा चिरा, खोबरं भाजा, खसखस भिजवा, मिक्सर फिरवा. जेवायला दोन वाजतात. ते वाटण कुणी चांगलं करून दिलं तर मी घेईन.

खडा_मसाला
ताई, तुम्ही उत्तरच दिलंत. मटण खाटकाकडेच राहू दे, आपण वाटण विकायचं. बेंगळुरूकडून घ्यायचं ते घरचा वेळ वाचवणं, मांस नव्हे.

एक किलो मटणाच्या पाकिटाचा हिशेब असा धरा. कांदा 250 ग्रॅम, सुकं खोबरं 60, लसूण 30, आलं 20, तीळ 20, खसखस 10, कोथिंबीर 20, तेल 30. कांदा तांबूस परतला की निम्म्याहून जास्त आटतो, त्यामुळे वाटण साधारण पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम बसतं. चटणी त्यात अजिबात घालू नका. कांदा-लसूण चटणी प्रत्येक घर उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची भरून ठेवतं. तुमचं तिखट घातलंत की "आमच्या चवीचं न्हाई" म्हणून पाकीट परत.

पांढऱ्यासाठी वेगळी छोटी पुडी: काजू 20 ग्रॅम, तीळ 15, खसखस 10, भिजवून गंधासारखं बारीक वाटलेलं. नारळाचं दूध मात्र ज्याचं त्यानं काढावं. ते लवकर आंबतं, आणि उकळत्या रश्श्यात घातलं की फुटतं. ते फुटलं तर नाव तुमच्या पुडीचं खराब होणार.

यंत्र_उद्यमनगर
व्हॅक्यूम पॅकिंगचं छोटं मशीन घ्या. हवा काढली की वाटण बाहेर महिनाभर टिकतं, फ्रीझरची भानगडच नको.

खडा_मसाला
अर्धं बरोबर. हवा काढल्यानं खोबरं लवकर खवट होत नाही, रंगही राहतो. पण हवेशिवाय वाढणारे जंतू त्याच पाकिटात खूश असतात, आणि तेलातल्या लसणात तर जास्तच. वास न येता विषबाधा होऊ शकते. तेव्हा व्हॅक्यूम केलं तरी पाकीट थंडच राहिलं पाहिजे. 4 अंशांच्या आत असेल तर तिसऱ्या दिवसापुढे विकू नका. जास्त ठेवायचं असेल तर उणे 18 ला गोठवा. म्हणजे तुमचा फ्रीझर वाया गेलेला नाही.

बिघाड कुठून येतो तेही बघा. मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी ओततात आणि तिथंच मार खातात. पाण्याऐवजी त्या तीसातलंच तेल थोडं थोडं सोडा. दुसरी चूक गरम भरण्याची: पाकिटाच्या आतून घाम धरतो आणि वाटण आंबतं. ताटात पातळ पसरून, पंख्याखाली गार करून लगेच भरा. फुगलेलं पाकीट दिसलं तर चव घेऊन बघू नका, फेकून द्या. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख टाकून स्वतःजवळ ठेवा, तक्रार आली तर तेच उघडून बघता येतं. एफएसएसएआय नोंदणी आणि लेबलावर वजन, तारीख, किंमत हे पहिल्या दिवसापासून हवं.

पुण्यात_अडकलेला
मला पुण्यात तयार तांबडा-पांढरा डब्यात हवाय. कुरिअरनं पाठवाल का? मसाल्याची पाकिटं इथं मिळतात, पण चव येत नाही.

गृहिणी_राजारामपुरी
भाऊ, ते तयार रश्श्याचं झालं. इथं वाटणाचं चाललंय.

ताराबाईपार्ककर
विचारच बदलला. विकायचं कुठं? घरोघर की मटणाच्या दुकानाबाहेर?

खडा_मसाला
गिऱ्हाईक मटणाची पिशवी घेऊन दुकानातून निघतं तो क्षण तुमचा. रविवारी साडेसात ते दहा, एकाच दुकानाजवळ बर्फपेटी आणि तीस पाकिटं. जास्त नेऊ नका. घेणाऱ्याचा नंबर लिहून ठेवा आणि सलग चार रविवार जा. पहिल्या दिवशी तीसही खपतील, नवलाईपोटी. चौथ्या रविवारी त्यातले दहाजण आपणहून परत आले तर पुढं जा. तीन-चारच आले तर चव किंवा दर चुकतोय, जाहिरात नव्हे.

शाहूपुरी_जुना
खाटीक दारात उभं राहू देतील होय? त्यांना काय मिळणार त्यातून?

खडा_मसाला
पाकिटामागं काहीतरी द्यावं लागेल. किती, ते दुकानदारावर आहे. काहीजण फुकटही ठेवतील, गिऱ्हाइकाची सोय म्हणून. काही सरळ नाही म्हणतील.

रंकाळा_चौपाटी
आणि श्रावणात? महिनाभर कुलूप?

गृहिणी_राजारामपुरी
अख्खा मसूर आहे की! मिसळ आहे, वांगं आहे. तेच वाटण चालतं, फक्त पाकीट लहान करा, शंभर ग्रॅमचं.

शाहूपुरी_जुना
शंभर ग्रॅमला पाकिटाचाच खर्च वाटणाला गाठेल. मला तरी श्रावणाचं गणित जुळताना दिसत नाही.

ताराबाईपार्ककर
येत्या रविवारी कसबा बावड्यातल्या एका दुकानाशी बोलून बघतो. तीस पाकिटांना काजू-खसखस किती लागेल ते आजच काढतो. खसखशीचा भाव बघून पोटात गोळा आलाय.

खडा_मसाला
पांढऱ्याची पुडी वेगळी विका, मागेल त्यालाच. तांबड्याचं पाकीट तिच्यामुळं महाग व्हायला नको.