वायरचा अ‍ॅक्सिलरेटर की केबलचा? आपापले अनुभव सांगा

घाटवाट: पावसात कशेडी घाट चढताना गाडीने अचानक दमच सोडला. इंजिन चालू, पण पेडल तळाला लावलं तरी गाडी रांगतेच. स्कॅनरवर P2138 आला. गॅरेजवाला म्हणाला, अख्खं पेडल बदला. केबलच्या जुन्या गाडीत असं कधी झालं नव्हतं. तुमचा काय अनुभव?

जुनाचालक: केबलच बरी! माझी क्लचजवळ तुटली होती, सुतळी बांधून घरी आलो.

घाटवाट: काका, ती क्लचची केबल असेल. मी अ‍ॅक्सिलरेटरचं विचारतोय.

जुनाचालक: हो रे, तीच ती. पण सुतळी खरी.

तारजोड: पेडल बदलायची घाई नको. केबलच्या गाडीत झडप तुमचा पाय उघडतो, ईसीयू फक्त ती किती उघडली ते बघतो. तुमच्या गाडीत पाय फक्त मागणी करतो, झडप मोटर उघडते. म्हणून पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून कळावं. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो. हिशेब जुळला नाही की ईसीयू ताकद छाटतो. तुमचा कोड तेच सांगतो, पण पेडल बिघडलं की वायर, ते नाही सांगत.
माझ्या गाडीत हाच कोड होता. इग्निशन ऑन, इंजिन बंद, मल्टिमीटर सिग्नलच्या वायरींवर. पाय न लावता 0.74 आणि 0.37. हळूहळू दाबलं, 1.60 ला दुसरा 0.80. ठीक. मग पेडल तिथेच धरून कनेक्टर हलवला. पहिला जागेवर, दुसरा 0.52 वर घसरला. दुसऱ्या सेन्सरच्या पाच व्होल्टच्या पिनवर हिरवट गंज होता. पिन साफ केली, घट्ट केली. पेडल तेच आहे.

वेगवेडा: वायरवाल्यात पिकअप मरतो. मी पेडलला एक डबी जोडली, ताकद वाढली.

तारजोड: ताकद नाही वाढली. डबी अर्ध्या पायाला पाऊण सांगते. पूर्ण दाबल्यावर फरक पडणार नाही, बघा. उशीर जाणवतो हे मात्र खरं, ईसीयू झडप मुद्दाम सावकाश उघडतो.

वेगवेडा: पूर्ण दाबून नाही बघितलं. पण सिग्नलवरून निघताना फरक आहेच.

शेतगाडी: माझ्या डिझेल पिकअपलाही हेच पेडल. तिथे पायावरून डिझेल किती सोडायचं ते ठरतं. एकदा ब्रेकवर पाय असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन ऐकेचना. बिघाड समजून गॅरेजला नेली, तर म्हणाले ती सोयच आहे.

घाटवाट: आज कनेक्टर हलवून बघितला. आकडे हललेच नाहीत, पिनाही स्वच्छ. पण पेडल साधारण पाव दाबलं की दुसरा क्षणभर शून्यावर जातो, दर वेळी त्याच जागी.

तारजोड: मग गॅरेजवाला बरोबर होता. तुमचं पेडलच गेलंय, आतली पट्टी त्या जागी झिजली असणार. ईसीयूकडच्या टोकालाही एकदा मोजा, मगच पैसे द्या.