ठोके १४८, एकदम नियमित. फ्लटर की एएफ?

विटा_ओपीडी: ६४ वर्षांचे गृहस्थ, कालपासून धडधड. बीपी १२४/८०, छातीत दुखत नाही. ठोके १४८, अर्धा तास झाला तरी १४८च. ईसीजी मशीन सायनस टॅकिकार्डिया छापतंय, आमचे सर एएफ म्हणतात. अ‍ॅडिनोसिन जवळ नाही, ते सोडून सांगा. पट्टीवरून ओळखू कसं, आणि ओळखून उपचारात फरक काय?

तासगावकर: अ‍ॅडिनोसिन ६ मिलिग्रॅम झटकन, मागोमाग २० मिली सलाईन. विषय संपला.

विटा_ओपीडी: नाही म्हटलं ना, राव!

खानापूर_घाट: मशीनच बदला. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं.

कृष्णाकाठ: मशीन महागडं असलं तरी इथे फसतं. सायनस असता तर अर्ध्या तासात पाच-दहा ठोके इकडे-तिकडे झाले असते. एएफ असता तर आर-आर अंतर वेडंवाकडं दिसलं असतं. तुमचं दोन मोठ्या चौकोनांवर ठाम आहे. अलिंदाच्या लाटा मिनिटाला ३००च्या आसपास आणि दर दुसरीच खाली उतरते, म्हणून १५०च्या आगेमागे. लीड टू, थ्री, एव्हीएफ कागद उलटा धरून बघा. लाटा करवतीच्या दातांसारख्या दिसतात. एक दात क्यूआरएसमध्ये लपतो, दुसरा टी लाटेसारखा वाटतो. दर मोठ्या चौकोनाला एक दात जुळला की फ्लटर.

मिरजवाला: थोडक्यात करवत म्हणजे फ्लटर, अनियमित म्हणजे एएफ.

कृष्णाकाठ: अर्धं बरोबर. फ्लटरमध्ये कधी दोनाला एक, कधी चाराला एक लाट उतरते, तेव्हा नाडी अनियमित लागते. पण कंपास धरला तर दातांमधलं अंतर एकसारखं भरतं. उलट जाडसर एएफमध्ये व्ही वनला करवतीचा भास होतो, फक्त दात एकासारखा एक नसतो.

आटपाडीकर: आमच्या वडिलांना मेटोप्रोलॉलवर बरं आहे. तेच द्या.

कृष्णाकाठ: त्यांना एएफ असेल. फ्लटरचे ठोके आवरायला जड. उतरले तर एकदम ७५वर येतात, नाहीतर १५०वरच अडतात. आणि नुसतं फ्लेकेनाइड देऊ नका. ते लाटांचा वेग ३००वरून २००वर आणतं, मग एव्ही नोड प्रत्येक लाट सोडतो. ठोके २००, क्यूआरएस रुंद, बघणाऱ्याला व्हीटी वाटते.

तासगावकर: मग अ‍ॅब्लेशन. नेहमीच्या फ्लटरचा फेरा उजव्या अलिंदात, ट्रायकस्पिड झडप आणि खालच्या महाशिरेमधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. तिथे एक रेघ जाळली की दहातल्या नऊ जणांचा तो फ्लटर थांबतो. एएफला डाव्या अलिंदात फुप्फुसशिरांभोवती काम, आणि परत येण्याची धास्ती जास्त.

मिरजवाला: म्हणजे फ्लटरवाल्याला रक्त पातळ करायची गोळी नको?

कृष्णाकाठ: हवी. गुठळीचा हिशोब दोन्हीकडे एकच स्कोअर लावून करतात.

तासगावकर: रेघ मारल्यावर बंद करायची.

कृष्णाकाठ: पटत नाही. फ्लटर गेलेल्या बऱ्याच जणांना पुढे एएफ होतो.

विटा_ओपीडी: उलटा धरला. एव्हीएफमध्ये दात जुळले, २९६. सर अजून एएफच म्हणतात. इथे कसलंच औषध देत नाही, पट्टी सोबत देऊन मिरजेला पाठवतोय.

तासगावकर: डिल्टियाझेम तरी द्यायचं होतं.

खानापूर_घाट: मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते सांगितलंच नाही.